पाहुण्यांसमोर आवाज चढतो तेव्हा: बापाला हे सांगायचं कसं?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘हां’, ‘काय म्हणतात त्याला’ शक्य तेवढे काढलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर एका मैत्रिणीने विचारलं होतं की, आपण ऑफिसात मॅनेजरला फीडबॅक कसा द्यायचा यावर तासभर बोलतो, पण घरी बापाला एक वाक्य सांगायचं तर घसा का सुकतो? प्रश्न बरोबर होता. म्हणून आजचा भाग एकाच गोष्टीवर. मुलगी मोठी झालीय, कमावती आहे, आणि घरात पाहुणे आले की वडील तिच्यावर मोठ्याने ओरडतात. हे थांबवा असं त्यांना कसं सांगायचं? आणि सांगितल्यावर नेमकं काय होतं?

उदाहरण माझ्याच घरचं घेते. पप्पांना विचारूनच बोलतेय. ते म्हणाले, “बोल, पण मलाच खलनायक करू नको.” बघूया जमतंय का.

काय झालं होतं

2023 चा अधिक महिना. त्या वर्षी अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. आपल्याकडे अधिक महिना म्हणजे धोंड्याचं जेवण. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, ताटात दिवा लावून तेहतीस अनारसे द्यायचे. सोनपेठात त्या महिन्यात कुठल्याही गल्लीतून गेलात तरी एका तरी घरातून पुरणाचा वास येतोच. मी तेव्हा घरून काम करत होते, म्हणून सोनपेठलाच होते. ताई, दाजी आणि सोबत ताईचे सासरे असे येणार होते. एक वाजता येतो म्हणाले आणि बारा वाजून दहा मिनिटांनी दारात उभे.

मी आतल्या खोलीत कॉलवर होते. रात्री सोडलेल्या रिलीजमध्ये गडबड झाली होती, साडेबारापर्यंत मला उठता येणार नव्हतं. आई चुलीपुढे, धोंडे तळायला घातलेले. बैठकीत टीव्ही चालू, पंखा फुल्ल. आणि पप्पांचा आवाज आला:

“अगं लॅपटॉपमधून डोकं काढ की भाईर! पाहुणे कव्हाचे बसलेत, पाणी न्हाई दिलं अजून! इतकी शिकलीस, एवढं कळंना का तुला?”

माझा माइक चालू होता. तिकडे पुण्यातल्या टीमनेही ऐकलं, इकडे ताईच्या सासऱ्यांनीही. मी माइक बंद केला, पाणी नेऊन दिलं, परत येऊन बसले. कुणीच काही बोललं नाही. सासरे म्हणाले, “असू द्या, असू द्या.” पुढचं जेवण छान झालं. मी अनारसे वाढले, हसले, आणि रात्री गच्चीवर जाऊन रडले.

यात मारहाण नाही, शिवी नाही. म्हणून कुणाला सांगायला गेलं तर उत्तर एकच येतं, “बापच आहे, बोलला तर काय झालं?” पण हे दर दोन आठवड्यांनी होत असेल, तर मुलगी हळूहळू काय करायला लागते ते बघा. पाहुणे यायच्या दिवशी ती घरी यायचं टाळते. मग सणाला टाळते. मग फोन आईलाच करते. बापाला कधी कळतच नाही की लेक का लांब गेली. पणाला जे लागलेलं असतं ते हे.

आधी तपासा: राग आहे, की नुसता आवाज?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक सवय असते. बग दिसला की आधी तो पुन्हा कधी येतो ते बघायचं, मग कारण शोधायचं. इथेही तसंच करा. कारण मोठ्या आवाजाची दोन अगदी वेगळी कारणं असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिलं कारण सरळ कानाशी आणि गोंगाटाशी जोडलेलं आहे. एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो आणि त्याला ते लक्षातही येत नाही. 1911 मध्ये त्याने हे छापलं, आजही याला लोंबार परिणाम म्हणतात. आता आपली बैठकीची खोली आठवा. पत्रा किंवा स्लॅब, उघड्या भिंती, पंखा, टीव्ही, चार माणसं एकदम बोलतायत. तिथून आतल्या खोलीत हाक पोहोचवायची तर आवाज चढणारच.

त्यात वयाचा भाग येतो. वय वाढतं तसं ऐकू कमी येतं आणि आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणजे बायकांचे, पोरांचे आवाज आणि स, श, फ असले वर्ण. पुरुषांचं जाड आवाजातलं बोलणं त्या मानाने बरं ऐकू येतं. त्यामुळे घरात होतं असं की लेक “आले” म्हणते, बापाला ऐकू येत नाही, तो दुसऱ्यांदा मोठ्याने हाक मारतो, तिसऱ्यांदा आणखी मोठ्याने. शिवाय अशा प्रकारे ऐकू कमी येणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाजही कमीच ऐकू येतो, म्हणून तो मोठ्याने बोलतो. त्याच्या दृष्टीने तो साधंच बोलत असतो.

हे ओळखायचं कसं? तीन गोष्टी बघा. ते फोनवर, पाहुण्यांशी, दुकानदाराशीसुद्धा तितक्याच मोठ्याने बोलतात का? टीव्हीचा आवाज बाकीच्यांना जास्त वाटेल इतका ठेवतात का? पाठीमागून साध्या आवाजात काही विचारलं तर “आँ?” म्हणतात का? तिन्हीची उत्तरं ‘हो’ असतील, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ऑडिओमेट्री करून घ्या. पाऊण तासाच्या आत होणारी, न दुखणारी तपासणी आहे. मनाला लावून घेतलेलं अर्धं दुखणं तिथेच सुटू शकतं.

पण आमच्या घरी उत्तरं तशी आली नाहीत. पप्पा दाजींशी अगदी मऊ आवाजात बोलत होते. आवाज चढला तो फक्त माझ्या दिशेने, आणि त्यात शब्दही होते: “इतकी शिकलीस.” पंख्याचा आवाज कितीही असला तरी हे वाक्य पंख्यामुळे येत नाही.

कधी होतं ते लिहून काढा

मग मी एक साधं काम केलं. आठवून आठवून मागच्या चार वेळा वहीत लिहिल्या. कोण आलं होतं, आल्यावर किती वेळाने ओरडले, कशावरून, आणि नेमके शब्द काय होते. ‘नेहमीच ओरडतात’ असं लिहायचं नाही. फक्त घडलेलं लिहायचं.

चार ओळी लिहिल्यावर मला जे दिसलं ते आधी कधीच दिसलं नव्हतं. चारही वेळा पाहुणे येऊन दहा-पंधरा मिनिटंच झाली होती. चारही वेळा विषय पाणी किंवा चहाचा होता. चारपैकी तीनदा पाहुणे म्हणजे व्याही किंवा सोयरिकीतलं कुणीतरी. शेजारचे काका आले तेव्हा चहाला अर्धा तास लागला तरी पप्पा एक शब्द बोलले नव्हते. आणि घरात आम्ही तिघंच असताना तर ते माझ्याशी हळूच बोलतात.

म्हणजे ओरडण्याचं कारण मी नव्हतेच, निदान फक्त मी नव्हते. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या. त्यात उशीर झाला तर माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण परतीच्या वाटेवर बोलतात. व्याह्यांसमोर तर जास्तच, कारण आपली एक लेक त्यांच्या घरात नांदतेय. पप्पांच्या डोक्यात तेव्हा घड्याळ चालू असतं. आणि पाणी येत नाही म्हटल्यावर ते जे ओरडतात, ते वरवर मला असलं तरी ऐकवायचं असतं पाहुण्यांना: ‘उशीर झालाय हे मला कळतंय हो, माझ्या घरात ही रीत नाही.’

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1955 मध्ये यावर एक निबंध लिहिला होता. चारचौघांत प्रत्येक माणूस आपलं एक ‘तोंड’ सांभाळत असतो आणि ते जातंय असं वाटलं की ते वाचवायला लगेच काहीतरी करतो, असा त्याचा मुद्दा. मराठीला हे शिकवायची गरज नाही. ‘तोंड दाखवायला जागा राहिली नाही’ असं आपण म्हणतोच. फक्त एक भाग राहून जातो: पप्पांनी स्वतःचं तोंड वाचवलं ते माझ्या तोंडाच्या खर्चाने. लहानपणी हे चालून जायचं, कारण लेकराला चारचौघांत मान असतो असं कुणी धरतच नाही. आता मी सत्तावीस वर्षांची. तेच पाहुणे मला ‘नोकरी कशी चाललीय’ विचारतात. म्हणजे त्यांच्यासमोर आता मलाही तोंड आहे. पप्पांच्या हिशेबात ही नोंद अजून झाली नव्हती, एवढंच.

हे कळल्यावर माझा राग गेला का? नाही. पण काय मागायचं ते कळलं.

जे जमत नाही

उपायाकडे जायच्या आधी, मी स्वतः करून फसलेल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली, तिथल्या तिथे उत्तर देणं. मागे एकदा मी पाहुण्यांसमोरच म्हणाले होते, “ओरडताय कशाला, येतेय ना!” झालं, आता पप्पांच्या दृष्टीने पाणी राहिलं बाजूला आणि ‘पोरगी उलटून बोलली’ हा विषय झाला. पाहुण्यांसमोर माघार घेणं त्यांना शक्यच नसतं. चारचौघांत मागितलेली गोष्ट चारचौघांतच नाकारावी लागते.

दुसरी, आईकरवी निरोप. “आई, तू सांग ना पप्पांना.” आई सांगते, पण तिच्या भाषेत: “पोरीला वाईट वाटलं बरं का, जरा बेतानं.” पप्पांना यातून कळतं की पोरगी हळवी झालीय. नेमकं काय करायचं ते कळत नाही. आणि आईच्या डोक्यावर दोन्हीकडचा भार येतो.

तिसरी, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज. मी एकदा चारशे शब्दांचा लिहिला होता. सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून सगळं त्यात होतं. पाठवला नाही, बरं झालं. लिहिलेल्यात आवाज नसतो. वाचणारा स्वतःचाच आवाज त्यात घालतो, आणि दुखावलेल्या माणसाच्या डोक्यातला आवाज नेहमी कडकच असतो.

वाक्य कसं बांधायचं

मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक चार पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. काय घडलं ते सांगा, मला काय वाटलं ते सांगा, माझी गरज काय ते सांगा, आणि मग करता येईल अशी एक विनंती करा. पद्धत चांगली आहे, पण ती तशीच मराठीत उतरवली तर फार विचित्र ऐकू येतं. “पप्पा, तुम्ही जेव्हा मोठ्याने बोलता तेव्हा मला दुःख होतं कारण माझी आदराची गरज पूर्ण होत नाही” असं म्हणून बघा सोनपेठात. पप्पा आईला विचारतील, हिला ताप आलाय का?

पण मराठीत हेच काम करणाऱ्या गोष्टी आधीपासून आहेत. मला तीन सापडल्या.

पहिली: चढणं आणि चढवणं. ‘कप फुटला’ आणि ‘कप फोडला’ यातला फरक आपल्या लेकरांना तीन वर्षांपासून कळतो. फोडला म्हटलं की कुणी मुद्दाम केलं, फुटला म्हटलं की झालं. तसंच ‘तुम्ही आवाज चढवता’ हा आरोप आहे. ‘पाहुणे आले की तुमचा आवाज चढतो’ ही नोंद आहे. खोटं काहीच नाही त्यात, आवाज खरंच चढतो. पण समोरच्याला ‘मी मुद्दाम करतो का?’ हे भांडण उकरायची गरज राहत नाही. ‘चिडू नका’ हेही टाळा, कारण चिड मनात असते आणि तिच्यावर कुणाचा ताबा नसतो. आवाजावर असतो.

दुसरी: ‘-त जा’. ‘ओरडू नका’ म्हणजे आत्ताच्या आत्ता बंद करा, तो हुकूम होतो. ‘सांगत जा’, ‘बोलावत जा’ म्हणजे इथून पुढे अशी रीत ठेवा. झाल्या गोष्टीचा हिशेब न मागता पुढची सवय मागायला यापेक्षा चांगलं रूप नाही. आई-आजी रोज वापरतात: ‘जेवत जा वेळेवर’, ‘फोन करत जा’. त्यात माया आपोआप येते.

तिसरी: नुसतं ‘नको’ मागू नका, बदली काय ते द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. पप्पांची गरज खरी आहे, पाहुण्यांना पाणी वेळेवर मिळायलाच हवं. ‘ओरडू नका’ एवढंच मागितलं तर त्या क्षणी त्यांनी करायचं काय? हात बांधून बसायचं? मग ते पुन्हा ओरडतात, कारण दुसरा मार्गच त्यांच्याकडे नसतो. म्हणून आपणच एक मार्ग तयार करून द्यायचा: ‘नुसती नावाने हाक मारा’, किंवा ‘दारापर्यंत येऊन सांगत जा’. आणि त्याबदल्यात आपल्या बाजूनेही एक गोष्ट.

ते बोलणं

त्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताई-दाजी गेल्यावर आठवडाभराने, रविवारी सकाळी पप्पांसोबत शेतात गेले. सोयाबीन फुलावर होतं. फवारा मारायचा की थांबायचं यावर त्यांचं स्वतःशीच चाललं होतं. आम्ही धुऱ्यावर बसलो, दोघांची तोंडं पिकाकडे. जागा मी ठरवून निवडली होती. समोरासमोर बसलं की ती बैठक होते, शेजारी बसलं की गप्पा होतात. आणि ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

जसं झालं तसं सांगते.

“पप्पा, एक बोलायचं होतं. पाच मिनिटं.”

“बोल की.”

“धोंड्याच्या दिवशी पाहुणे लवकर आले, पाण्याला उशीर झाला. ते माझ्या लक्षात आलं.”

“मग? मी तेच म्हणलो.”

“हो. पण पाहुणे आले की तुमचा आवाज चढतो आणि तो माझ्यावर येतो. त्या दिवशी ‘इतकी शिकलीस’ म्हणालात ते ताईच्या सासऱ्यांनी ऐकलं. माझ्या ऑफिसातल्या लोकांनीबी ऐकलं, माइक चालू होता. मला त्यांच्यासमोर तोंड वर करता येईना.”

ते थोडा वेळ गप्प. मग, मला वाटलं होतं तेच आलं.

“बाप हाय मी तुझा. मी न्हाई बोलणार तर कोण बोलणार?”

इथे बहुतेक बोलणी मोडतात, कारण आपण याला उत्तर म्हणून वाद घालतो. पण यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. मी म्हणाले, “तुम्हीच बोला. अजून चार शब्द जास्त बोला. पण एकटीला बोलत जा. पाहुणे गेल्यावर.”

“अन् तवर पाहुणे उपाशी बसू द्यायचे?”

“न्हाई. तुम्ही नुसती नावानं हाक मारा, पुढं काही बोलू नका. मी समजून जाईन. कॉलवर असले तरी माइक बंद करून तांब्या आणून देईन, मग परत बसेन. अन् पाहुणे यायचे त्या दिवशी माझा कॉल कधीये ते मी सकाळीच सांगेन. त्या दिवशी सांगितलं न्हाई, ती माझी चूक.”

परत गप्प. एक गवताची काडी तोडली. मग म्हणाले, “तुझे आजोबा तर मला बाजारात हाणायचे.”

‘बरोबर आहे’ किंवा ‘चुकलं माझं’ असं ते म्हणाले नाहीत. पण हे वाक्य म्हणजे काय, ते मला कळलं. मी विचारलं, “मग तुम्हाला कसं वाटायचं?” त्यावर ते उठले, म्हणाले, “चल, ऊन वाढायलं.”

एवढंच. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. माफी मागून घ्यायच्या नादाला मी लागले नाही. माफी मागायला लावली असती तर तेही एक तोंड पाडणंच झालं असतं, आणि मला हवी होती ती पुढच्या वेळची नुसती हाक.

नंतर काय झालं, आणि जमतंय हे कसं ओळखायचं

पंधरा दिवसांनी गावाकडचे चुलते आले. पप्पांनी हाक मारली, तीही मोठ्यानेच. माझं नाव, मग “अगं काय…” आणि तिथे थांबले. वाक्य अर्धवट राहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

पहिल्या वेळी अशी अर्धीच सुधारणा होते, ती ओळखता आली पाहिजे. अनेक मुली इथेच म्हणतात, ‘काही फरक नाही, परत ओरडलेच.’ पण वहीतली नोंद बघितली तर फरक आहे: आवाज तोच, पण शब्द गेले. सवयीत आधी शब्द सुटतात, आवाज नंतर उतरतो. त्यामुळे तीन-चार पाहुणे येऊन जाईपर्यंत निकाल लावू नका. मोजायचं तर तीन गोष्टी मोजा: टोमणा आला का, मध्येच थांबले का, आणि नंतर एकट्यात काही बोलले का.

दिवाळीत एकदा पूर्ण घसरले. सोयरिकीचे पाहुणे, चहात साखर जास्त, आणि सगळं जुनं वाक्य बाहेर. मी तेव्हा काही बोलले नाही. रात्री पाणी द्यायला गेले तेव्हा एकच ओळ म्हणाले, “पप्पा, आज परत चढला आवाज.” त्यांनी मान हलवली. ‘मी सांगितलं होतं ना’ हे वाक्य मात्र चुकूनही वापरू नका. त्याने ठरलेली गोष्ट मोडते आणि परत हिशेब सुरू होतो.

अजून एक. पाहुण्यांपैकी कुणी मध्ये पडून “अहो, पोरगी मोठी झाली आता” म्हणालं, तर त्यांच्या सुरात सूर मिसळू नका. त्या क्षणी बापाला वाटतं की लेक पाहुण्यांच्या बाजूला गेली. “असू द्या काका, माझाच उशीर झाला” म्हणून उठून जा. बाजू पप्पांची राखा, हिशेब घरी.

हे कुठे चालत नाही

हे सगळं माझ्या घरी चाललं त्याला काही कारणं होती, ती लपवून उपयोग नाही. मी कमावते, मला कधीही पुण्याला परत जाता येतं, आणि पप्पा एरवी माझ्याशी नीट बोलतात. ज्या मुलीची फी, फोन, बाहेर पडणं सगळं वडिलांच्या हातात आहे, तिने आणखी लहान मागणं मागावं. सगळं एकदम नको, एकच पाहुणा, एकच प्रसंग: ‘उद्या मामा येणारेत, उद्या फक्त नावाने हाक मारा.’ एक दिवस मागणं सोपं, आणि देणंही सोपं.

वडिलांचा स्वभाव शांत होता आणि गेल्या काही महिन्यांतच असा भडकायला लागला असेल, सोबत विसरणं, झोप उडणं, संशय असं काही दिसत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तो बोलून सोडवायचा विषय नसेलही.

आणि पाहुणे नसतानाही ओरडणं, शिव्या, धमकी, हात उगारणं चालू असेल, तर ‘वाक्य कसं बांधू’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ती तुमच्या व्याकरणाची चूक नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा फक्त नवरा-सासरच्यांसाठी आहे असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणाऱ्या मुलीलाही तो लागू होतो, आणि त्यात शारीरिक छळासोबत सतत अपमान करणं, हिणवणं, धमकावणं हाही छळ धरलाय. तिथे धुऱ्यावर बसून बोलायची गरज नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा, त्या तुम्हाला संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवतात.

आमचं घर त्यातलं नव्हतं. आमचं घर म्हणजे पाण्याच्या तांब्यात अडकलेली इज्जत, आणि ती दोघांची होती हे एकालाच माहीत होतं.

परवा ताईचे सासरे पुन्हा आले होते. मी कॉलवर होते. दार थोडं उघडलं, पप्पांनी आत डोकं घातलं, लॅपटॉपकडे बघितलं, माइक चालू आहे का म्हणून बोटाने विचारलं. मी मान हलवली. ते परत गेले. दोन मिनिटांनी बैठकीतून त्यांचा आवाज आला, “थांबा, पोरगी कामात हाय, मीच आणतो.” आणि मग माठावरचं झाकण वाजलं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी हे बोलणं झालं असेल, किंवा मध्येच अडकलं असेल, तर नेमकं कुठल्या वाक्यावर अडकलं ते कळवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन वाक्यांवर बोलू. भेटू.